रविवारची गोळी, शनिवारचं रक्त
संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी, डोस स्थिरावल्यावर हळूहळू अंतर वाढवत साधारण तीन महिन्यांनी रक्तपेशी, यकृत आणि क्रिएटिनिन तपासतात.

समजा, रविवारी गोळी घेणाऱ्या आजींनी सोमवारी रक्त दिलं आणि यकृताचं एएलटी ७० आलं. घाबरू नये, गोळीनंतर ते एक-दोन दिवस चढू शकतं. म्हणून रक्त शनिवारीच द्यावं. आकडा १००च्या पुढे गेला, किंवा पांढऱ्या पेशी ३,५००च्या खाली आल्या, तर पुढची गोळी थांबवून डॉक्टरांना विचारावं.

जुलाबांनी शरीरातलं पाणी घटलं, की मूत्रपिंड औषध नीट बाहेर टाकत नाही. ते साचतं, पेशी घटतात. अशात तोंड आलं किंवा ताप आला, तर रिपोर्टची वाट न बघता गोळी थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.