बढती मागताना वही उघडा



आम्ही माहीमच्या कोळीवाड्याच्या आसपास राहणाऱ्या बायका. बुधवारी सेंट मायकल चर्चच्या नोव्हेनाची गर्दी असते, म्हणून आमच्या गटाची बैठक गुरुवारी भरते. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी आमची एक मैत्रीण मोबाइल पुढे करून म्हणाली, "मॅनेजरसाहेबांना ईमेल लिहिलाय. पाठवू का?"

ऑफिसांना जेवणाचे डबे पुरवणाऱ्या एका स्वयंपाकघरात ती सहा वर्षं कामाला आहे. सुरुवात भाजी चिरण्यापासून झाली. गेली दोन वर्षं कोठीचा सगळा हिशेब तीच बघते. काम सुपरवायझरचं, पगार मात्र मदतनिसाचा. तिच्याकडे पगारवाढ एप्रिलमध्ये ठरते, तेव्हा विचारायची वेळ हीच होती.

तिचा ईमेल आम्ही मोठ्याने वाचला. 'मी खूप प्रामाणिकपणे काम करते, मुलीची फी वाढली आहे, कृपया माझा विचार व्हावा.' सगळं खरं होतं. पण आम्ही विचार केला, हा ईमेल घेऊन मॅनेजर मालकाकडे गेले, तर काय दाखवतील? फी सगळ्यांच्याच मुलांची वाढते. तिने काय केलं, ते त्यात कुठेच नव्हतं.

मग आम्ही तिला कोठीची वही वाचून यायला सांगितलं. पुढच्या गुरुवारी ती अकरा कामं लिहून आली. प्रत्येक कामाला आम्ही चार प्रश्न विचारले: आधी काय होतं? तू काय केलंस? आता काय आहे? आणि हे कुठे लिहिलेलं आहे?

'डब्यांच्या ऑर्डरी वाढल्या' हे तिनेच खोडलं. ऑर्डरी आणणारा माणूस वेगळा होता. दुसऱ्याचं श्रेय एका ओळीत जरी आलं, तरी बाकीच्या ओळींवरचा विश्वास उडतो. शेवटी तीनच कामं ठेवली. ईमेल असा झाला:

'विषय: कोठी सुपरवायझर पदासाठी विनंती

नमस्कार सर,
गेली दोन वर्षं मी कोठीचं काम सांभाळते आहे. एप्रिलपासून मला कोठी सुपरवायझर हे पद आणि त्याचा पगार मिळावा, ही विनंती.

१. ऑक्टोबरमध्ये आठवड्याला साधारण १८ किलो भाजी खराब होत होती. मी रोज सकाळी शिल्लक मोजून मगच मागणी द्यायला सुरुवात केली. जानेवारीत हे प्रमाण ७ किलोवर आलं.
२. ऑक्टोबरमध्ये चुकीचा डबा गेल्याच्या ९ तक्रारी होत्या. निघण्यापूर्वी चिठ्ठी आणि डबा ताडून बघण्याची पद्धत मी लावली. जानेवारीत २ तक्रारी आल्या.
३. तीन नव्या बायकांना मी कोठीचं काम शिकवलं. डिसेंबरमध्ये मी पाच दिवस रजेवर असताना त्यांनी ते सांभाळलं.

या नोंदी कोठीच्या आणि तक्रारींच्या वहीत आहेत. या आठवड्यात भेटायला पंधरा मिनिटं द्याल का?'

भाजी आम्ही किलोत लिहिली, रुपयांत नाही. भाव रोज बदलतो, त्यामुळे रुपयांच्या आकड्यावर वाद होतो. वजन वहीत तसंच राहतं. वहीच्या पानांचे फोटो जोडले नाहीत, कारण त्यावर गिऱ्हाइकांची नावं होती. आणि तिसरा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा. 'ही वर गेली तर हिचं काम कोण करणार?' हा प्रश्न मॅनेजरच्या मनात येतोच. त्याचं उत्तर आधीच दिलेलं बरं.

पाठवण्याआधी तिने साहेबांना तोंडी सांगितलं, "सर, एक ईमेल पाठवतेय." मालकांना प्रत पाठवली नाही. डोक्यावरून गेल्यासारखं वाटलं, तर माणूस दुखावतो.

आठ दिवसांनी बोलावणं आलं. साहेबांनी विचारलं, "जानेवारीत ऑर्डरीच कमी असतील, म्हणून भाजी कमी वाया गेली असेल." तिने वही उघडली. दोन्ही महिन्यांचे डबे जवळजवळ सारखेच होते. ही शंका येणार हे आमच्या लक्षात आलं नव्हतं. वही जवळ होती म्हणून निभावलं. तुम्ही लिहाल तेव्हा ही तुलना ईमेलमध्येच घाला.

पद एप्रिलपासून मिळालं. पगार मात्र तीन महिन्यांनी बघू म्हणाले. तिने त्याच संध्याकाळी दोन ओळी पाठवल्या: 'आज ठरल्याप्रमाणे पद १ एप्रिलपासून आणि पगाराचा निर्णय जुलैमध्ये. धन्यवाद.' तोंडी शब्द विसरला जातो, लिहिलेला दाखवता येतो. जागाच नसती, तर ईमेलने ती निर्माण झाली नसती. तेव्हा 'काय करून दाखवू आणि पुन्हा कधी विचारू?' एवढं तरी लिहून घ्यायचं, असं आम्ही ठरवलं होतं.

तुमच्यापैकी कुणी दूध संकलन केंद्रावर असेल, कुणी दुकानात, कुणी पतसंस्थेत. महिन्याच्या शेवटच्या दिवशी वहीत तीन ओळी लिहा: आधी काय होतं, मी काय केलं, आता काय आहे. आमच्या मैत्रिणीला दोन वर्षांचं काम एका आठवड्यात आठवावं लागलं, आणि बरंच आठवलंच नाही.

जुलैचं काय झालं, ते पुढच्या वेळी सांगू.