खिडकी वजा केली का?

जळगाव-धुळ्याकडे लहान घराचं काम बरेचदा चौरस फुटाच्या ठोक दरानं ठरतं. पण दोन ठेकेदारांचे दर ताडून पाहायचे, तर खोदाई, काँक्रीट, वीटकाम, गिलावा असे गट पाडून दोघांनाही एकच परिमाणपत्रक द्यावं लागतं. जाड भिंत घनमीटरात मोजतात, अर्ध्या विटेची भिंत आणि गिलावा चौरस मीटरात.

गफलत होते ती गिलाव्यात. भिंत 4 मीटर लांब, 3 मीटर उंच. दोन्ही बाजूंचा गिलावा 24 चौरस मीटर. खिडकी 1.44 चौरस मीटरची. दोन्हीकडे गिलावा सारखाच असेल, तर भारतीय मानक 1200 प्रमाणे एवढ्या खिडकीची वजावट एकाच बाजूची होते. दुसरी बाजू कडांच्या गिलाव्यापोटी सोडतात. उरले 22.56. समजा, एकाचा दर 300 रुपये. त्याचे 6,768 होतात. दुसरा 290 सांगतो, पण खिडकी वजा करत नाही, त्याचे 6,960. म्हणून मोजणीची पद्धत निविदेतच लिहा.

खोदाईकडेही लक्ष द्या. आपल्या काळ्या मातीत मुरूम कुठे लागेल, ते आधी नेमकं कळत नाही. तेव्हा दीड मीटरखालच्या खोदाईचा दर वेगळा मागून घ्या.