शब्दाचा दर कसा काढावा
(तंजावर येथील भाषण)

येथील सरस्वती महाल ग्रंथालयात मराठीतील मोडी कागद आहेत. मराठीचे तामिळ भाषांतर करणाऱ्यांना आम्ही हिशेब सांगतो. वर्षाचा घरखर्च २,४०,००० रुपये, संगणक व सॉफ्टवेअर २४,००० धरा, एकूण २,६४,०००. तपासणीसह रोज १,००० शब्द, महिन्याला २२ दिवस. बारा महिने काम मिळाले तर शब्दाला १ रुपया पुरतो. पण चार महिने रिकामे जातात. म्हणून आठच महिने धरा. दर दीड रुपया होतो. मोडी वाचून करताना दिवसाला ५०० शब्दच होत असतील, तर ३ रुपये मागा. तामिळमध्ये शब्द जोडले जातात, संख्या घटते आणि मजुरी कापली जाते. तेव्हा मोजणी मूळ मराठी शब्दांचीच, हे काम घेण्याआधी लिहून घ्या.