बेडची वायर ओढून बघा

थ्रीडी प्रिंटरच्या एकाच जागेबद्दल आज बोलतो. बेडच्या जाड वायरी बोर्डावर जिथे स्क्रूखाली बसतात, ती जागा.

२४ व्होल्टचा, २४० वॅटचा बेड १० अँपिअर ओढतो. तो जोड सैल पडून तिथे ०.१ ओहम रेझिस्टन्स आला, तरी त्या इवल्याशा प्लास्टिकच्या टर्मिनलमध्ये नऊएक वॅट उष्णता तयार होते. तापमानाचा सेन्सर बेडखाली असतो, त्याला या जागेची गरमी कळत नाही.

पुष्कळदा दोष निघतो तो वायरीच्या टोकाला लावलेल्या सोल्डरचा. दिसायला नीटनेटकं, पण मऊ. स्क्रूच्या दाबाखाली ते हळूहळू पसरतं आणि पकड ढिली होते.

म्हणून महिन्यातून एकदा प्लग काढा, बेड गार होऊ द्या. टर्मिनल तपकिरी पडलंय का, जळका वास येतोय का ते बघा. मग एकेक वायर हलकेच ओढा. हलली, तर नुसता स्क्रू आवळून भागत नाही. सोल्डरचं टोक कापा, चकचकीत तांबं लागेपर्यंत सोला, फेरूल क्रिंप करा आणि मग आवळा. प्लास्टिक वितळलेलं दिसलं, तर टर्मिनलच बदला. तोवर प्रिंटर बंद.