संगणकावर मराठी कशी लिहावी?



संगणकावर मराठी लिहिण्याच्या दोन प्रमुख रीती आहेत. फोनेटिक रीतीत इंग्रजी अक्षरांनी उच्चार लिहायचा. संगणक त्याची मराठी अक्षरे करतो. इनस्क्रिप्ट रीतीत प्रत्येक बटणाला मराठी अक्षर ठरलेले असते. काना, मात्रा, वेलांट्या डाव्या हाताला. बहुतेक व्यंजने उजव्या हाताला.

आमच्या वर्गातल्या एका बाईंना पाण्याच्या नळासाठी स्वतः अर्ज लिहायचा होता. त्यांना मराठी वाचता येई, इंग्रजी नाही. आम्ही आधी फोनेटिक शिकवले. तिथेच चुकलो. आमच्या संगणकात 'पाणी' साठी paaNI असे लिहावे लागे. बाईंनी लहान n दाबला, 'पानी' उमटले! मुलाला विचारल्यावाचून एक ओळ होईना.

मग बटणांवर मराठी अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. 'दिवा' लिहिताना बाईंनी आधी वेलांटी दाबली, कारण पाटीवर तीच आधी काढतो. पडद्यावर ठिपक्यांचे वर्तुळ आले. ते दिसले की क्रम चुकला, असे समजावे. आधी द, मग ऱ्हस्व वेलांटी, मग व, मग काना. 'अर्ज' ला अ, र, हलन्त, ज. हलन्त राहिला तर 'अरज' होते. ख हवा असेल तर Shift धरून क दाबावा.

ज्याला इंग्रजी अक्षरे सरावाची आहेत, त्याने खुशाल फोनेटिक घ्यावे. त्याचे काम लगेच सुरू होते. इनस्क्रिप्टला बटणे पाठ होईतो दिवस लागतात. पण ज्याला मराठीच येते, त्याला तीच सोयीची. बाईंनी अर्ज लिहिला, 'पाणी' बरोबर लिहून.