बीप वाजली म्हणजे जॉइंट चांगला? तुर्भ्याच्या टेबलावरून

आजचा विषय हॉट एअर, फ्लक्स आणि बारीक पायांची चिप. तुर्भ्याच्या एमआयडीसीत मशिनच्या कंट्रोल बोर्डांची दुरुस्ती हे आमचं रोजचं काम. त्यातलं एकच काम आज नीट बघू.

बोर्डावर एसटीएम३२एफ१०३ हा मायक्रोकंट्रोलर आहे, ४८ पायांचा. चिप ७ बाय ७ मिलिमीटर, आणि एका पायाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत अर्धा मिलिमीटर. दोन पायांमधली मोकळी जागा पाव मिलिमीटरच्या आसपास. चिप गेली आहे, बदलायची आहे.

आधी नव्या चिपकडे बघा. पावसाळ्यात खाडीकाठची हवा किती दमट असते ते इथल्यांना सांगायला नको. चिपचं प्लास्टिक ओलावा पितं. एकदम तापवलं की आत वाफ होते आणि चिप आतून फुटते. म्हणून पाकीट उघडून बरेच दिवस झाले असतील, तर चिप ओव्हनमध्ये १२५ अंशांवर काही तास भाजून घ्यायची. पण ती ज्या प्लास्टिकच्या पट्टीत आली, त्या पट्टीतून बाहेर काढून. पट्टी तेवढी उष्णता सोसत नाही.

आता जुनी काढू. चारही बाजूंना फ्लक्स लावा, आजूबाजूच्या प्लास्टिकवर कॅप्टन टेप. बोर्ड खालून साधारण १२० अंशांपर्यंत गरम असेल तर उत्तम. हॉट एअर ३५० वर, हवा कमी, नाहीतर शेजारचे कपॅसिटर उडतात. नोझल गोल गोल फिरवत राहा. लेडवालं सोल्डर १८३ अंशांना वितळतं, लेड-फ्री साधारण २१७ ते २२० ला. चिमट्यानं चिपला हलकासा धक्का द्या. ती तरंगल्यासारखी सरकली, तरच उचला. एक बाजू जरी धरून असेल आणि तुम्ही ओढलंत, तर तांब्याचा पॅड बोर्डापासून सुटून चिपबरोबर वर येतो.

नंतर विक आणि फ्लक्सनं पॅड सपाट करा. नवी चिप ठेवताना एक नंबरच्या पायाचा ठिपका जुळवा, समोरासमोरचे दोन कोपरे सोल्डरनं पकडा, आणि फ्लक्स भरपूर लावून इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, पायांवरून ओढत न्या. फ्लक्स धातूवरचा ऑक्साईड काढतो, म्हणून सोल्डर धातूला चिकटतं आणि मधल्या हिरव्या मास्कवरून मागे सरतं. दोन पायांत पूल झालाच, तर जास्त सोल्डर नको. फ्लक्स घाला, टोक साफ करा आणि पायांच्या दिशेनं बाहेर ओढा.

आता खरी मेख तपासणीत आहे. या चिपमध्ये ८-९, २३-२४, ३५-३६ आणि ४७-४८ या जोड्या बघा. चारही बाजूंना एकेक जोडी, एक पाय ग्राउंडचा आणि शेजारचा सप्लायचा. इथे पूल झाला की सप्लाय शॉर्ट. मीटर लगेच सांगतो, म्हणून वीज देण्याआधी या चार जागा मोजायच्याच.

कोल्ड जॉइंट, म्हणजे आपलं ड्राय सोल्डर, तसं सापडत नाही. ग्राउंडचे पाय बोर्डातल्या मोठ्या तांब्याला जोडलेले असतात. ते तांबं उष्णता ओढून घेतं, म्हणून बाकी पाय बसले तरी हे कच्चे राहतात. तुम्ही मीटर लावता आणि बीप वाजते! एक तर प्रोबच्या दाबानंच पाय पॅडला टेकतो. दुसरं म्हणजे २३, ३५ आणि ४७ हे ग्राउंड चिपच्या आतून जोडलेले असतात. ३५ सुटलेला असला, तरी बाकीच्यांमार्फत बीप येते. बोर्ड टेबलावर चालतो, आणि मशिनवर कंपनात, उष्णतेत मधूनमधून अडकतो. मग गिऱ्हाईक तोच बोर्ड परत घेऊन येतं.

म्हणून इथे मीटरपेक्षा डोळा महत्त्वाचा. आधी आयपीए आणि ब्रशनं फ्लक्स धुवा, कारण वाळलेला फ्लक्स भेग झाकतो. मग भिंगातून किंवा फोनच्या मॅक्रो कॅमेऱ्यातून, बोर्ड तिरका धरून बघा. सोल्डर पायाच्या मागे, टाचेपाशी, आत वळलेला उतार करून चढलेलं दिसलं पाहिजे. गोळी होऊन पॅडवर बसलं असेल, किंवा पायाच्या कडेनं काळी रेघ दिसत असेल, तर जॉइंट कच्चा. नुसत्या चमकेवर जाऊ नका, लेड-फ्री सोल्डर चांगलं असूनही मंद दिसतं. शंका असेल तिथे सुईनं पाय अगदी हळूच बाजूला ढकला. हलला, तर फ्लक्स लावून जाड टोकानं पुन्हा, आणि ग्राउंडच्या पायावर क्षणभर जास्त थांबायचं.

एखाद्या जुन्या, बाद बोर्डावर आधी फक्त ग्राउंडचे पाय तिरक्या उजेडात बघा. काय दिसतं ते कमेंटमध्ये कळवा. भेटू पुढच्या भागात.