"आमची हद्द नाही" म्हटलं तर?

समजा आपल्या एखाद्या वहिनींची सोनसाखळी स्वारगेटला खेचली गेली. रात्री ठाण्याला पोचून त्या जवळच्या पोलीस ठाण्यात गेल्या. "घटना पुण्यातली, तिकडेच जा" असं उत्तर मिळालं, तर मी सांगतो, ते कायद्याला धरून नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद हद्द न बघता घ्यावीच लागते. ती शून्य क्रमांकाने नोंदवून स्वारगेटला पाठवतात. तिथे तिला नेहमीचा क्रमांक मिळतो, तपासही तिथेच होतो. हेलपाट्यात दिवस गेले तर सीसीटीव्हीचं चित्रण पुसलं जातं, म्हणून घाई.

"अर्ज देऊन जा, बघतो" यावर समाधान मानू नका. शिक्का मारलेला अर्ज म्हणजे एफआयआर नव्हे. एफआयआरवर कलमं असतात आणि तिची प्रत फुकट मिळते.

नकारच मिळाला तर तीच तक्रार लेखी, स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. आपल्यासारख्या शहरात पोलीस उपायुक्तांना. पावती जपून ठेवा. तरीही काही झालं नाही, तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, आणि तिथे हीच पावती दाखवावी लागते.

मात्र पार्किंगवरून झालेली शिवीगाळ सहसा अदखलपात्र; तिची फक्त एनसी होते.